दहा हजारांमागे आठ आणे

शाळेत मला गणित शिकवणाऱ्या बाई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी थोडे थोडे शेअर घ्यायला सुरुवात केली, तीही स्वतःच्या फोनवरून. मागच्या दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा त्यांनी चिवड्याची बशी पुढे केली आणि थेट विषयाला हात घातला. "तू इतकी वर्षं बाजारात होतास ना? मग मला एक सांग. मी बटण दाबते आणि सौदा होतो, त्या मधल्या वेळात कुणी संगणकवाला आत घुसून माझे पैसे खातो म्हणे. खरं आहे का हे? आणि खात असेल तर किती?"

त्या "किती"पाशी मी अडकलो. या विषयावर बोलणारे लोक बहुतेक दोन टोकांना उभे असतात. एकाच्या मते सगळा बाजार लुटारूंच्या हाती गेला आहे, दुसऱ्याच्या मते यंत्रांमुळे सगळ्यांचंच भलं झालं आहे. किती रुपये, कुणाच्या खिशातून आणि कुणाच्या खिशात, हा हिशेब मांडायला दोघंही बसत नाहीत. हे पुस्तक त्या हिशेबासाठी लिहिलं आहे, आणि त्याची रूपरेषा मी इथेच मांडून ठेवतो.

मी एका म्युच्युअल फंडाच्या डीलिंग रूममध्ये बावीस वर्षं काढली. शेअर निवडण्याचं काम माझं नव्हतं. निवडलेला शेअर बाजाराला सुगावा लागू न देता विकत घ्यायचा, हे माझं काम. फंड मॅनेजर सकाळी सांगायचा, अमुक कंपनीचे चार लाख शेअर घे. चार लाखांची ऑर्डर एकदम टाकली तर भाव अंगावर येतो, म्हणून तिची पाचशे-हजाराची चिल्लर करून दिवसभर सोडत राहायचं. तरीही दुपारपर्यंत भाव वर सरकलेला असायचा, कारण कुणीतरी एकच हात सतत घेतोय हे समोरच्यांच्या ध्यानात यायचं. मोठ्या खरेदीदाराची चाहूल घ्यायची आणि त्या चाहुलीचे पैसे करायचे, हा उद्योग रिंगणात ओरडून सौदे व्हायचे तेव्हापासूनचा आहे. तेव्हा चाहूल घ्यायला माणसाचे कान लागायचे. आता ते काम यंत्र करतं आणि मायक्रोसेकंदात करतं, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात. हाय फ्रिक्वेन्सी ट्रेडिंग हे त्याचं नाव. आणि ज्याला आपली चाहूल लागू द्यायची नाही, त्याने लपून सौदा करण्यासाठी शोधलेली जागा म्हणजे डार्क पूल. एकाच भांडणाच्या या दोन बाजू आहेत, म्हणून पुस्तकात त्या एकत्र आल्या आहेत.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. तिथल्या शेअरबाजारात पूर्वी भाव अपूर्णांकात बोलले जायचे आणि १९९७ पर्यंत एक पायरी डॉलरच्या आठव्या भागाची, म्हणजे साडेबारा सेंटची असायची. मधला दलाल घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावातली ती फट खायचा. शंभर शेअरमागे साडेबारा डॉलर म्हणजे चांगली मोठी रक्कम होती. २००१ मध्ये भाव दशांशात आले आणि पायरी एका सेंटवर आली. फट आकसली तशी जुन्या दलालांची मिळकत संपली. एका सेंटच्या फटीत पोट भरायचं तर दिवसाला लाखो सौदे करावे लागतात, आणि ते माणसाच्या आवाक्यातलं काम नाही. यंत्रं आली ती अशी.

दुसरा बदल नियमांनी केला. २००५ मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने, म्हणजे तिथल्या सेबीने, ठरवलं की कोणतीही ऑर्डर देशभरातल्या सगळ्या एक्स्चेंजांमध्ये जिथे सर्वांत चांगला भाव असेल तिथेच भरली गेली पाहिजे. हेतू ग्राहकाच्या हिताचा होता. पण त्यामुळे नवं एक्स्चेंज काढणं सोपं झालं. चांगला भाव दाखवला की ऑर्डर आपसूक तुमच्याकडे येणार. पाहता पाहता तोच शेअर डझनभर ठिकाणी विकला जाऊ लागला. ही ठिकाणं वॉल स्ट्रीटवर नाहीत. ती हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीत, खिडक्या नसलेल्या इमारतींमध्ये आहेत. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची यंत्रं माहवा गावात आहेत, नॅस्डॅकची कार्टरेटमध्ये, आणि आणखी काही एक्स्चेंजांची या दोहोंच्या मध्ये सिकॉकसला. माहवा ते कार्टरेट हे अंतर पन्नास-साठ किलोमीटरचं आहे.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात. पन्नास किलोमीटरला अडीचशे. पापणी लवायला याच्या शेकडो पट वेळ लागतो. पण एका जागी झालेल्या सौद्याची खबर दुसऱ्या जागी पोचायला काही वेळ लागतोच, आणि ती खबर आधी नेणाऱ्याला तेवढ्या अवधीत भविष्य कळलेलं असतं. हवेतून प्रकाश काचेपेक्षा दीडपट वेगाने जातो, म्हणून या कंपन्यांनी मनोऱ्यांवर मायक्रोवेव्हच्या तबकड्या बसवल्या.

वेळेची ही फट सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचवली ती मायकेल लुईस यांच्या २०१४ मधल्या 'फ्लॅश बॉइज' या पुस्तकाने. त्यातला मुख्य माणूस ब्रॅड कात्सुयामा, रॉयल बँक ऑफ कॅनडाच्या न्यूयॉर्कच्या डेस्कवरचा ट्रेडर. त्याला दिसायचं असं, की स्क्रीनवर सगळ्या एक्स्चेंजांवर मिळून भरपूर शेअर विकायला उभे आहेत. तो बटण दाबायचा आणि त्यातला काही भागच हाती लागायचा, बाकीचे विकणारे गायब. त्याच्या गटाने मग एकेक गोष्ट बदलून पाहिली. तीच ऑर्डर फक्त एकाच एक्स्चेंजला पाठवली की पूर्ण भरायची, सगळ्यांना एकदम पाठवली की अर्धवट राहायची. उत्तर वाटेच्या लांबीत होतं. ऑर्डरचे तुकडे एकाच क्षणी निघाले तरी जवळच्या एक्स्चेंजला आधी पोचत आणि लांबच्याला नंतर. जवळचा सौदा पाहून कुणीतरी लांबच्या ठिकाणी त्यांच्या आधी पोचत होतं. तेव्हा त्यांनी जवळच्या तुकड्यांना मुद्दाम उशीर लावणारा प्रोग्रॅम लिहिला, सगळे तुकडे सगळीकडे एकदम पोचतील असा. ऑर्डरी पुन्हा पूर्ण भरायला लागल्या.

इथवरचं सगळं खरं आहे. आता एक उदाहरण आकड्यांत मांडून पाहू, कारण वाद पुढेच आहे.

समजा, एका शेअरला घेणाऱ्याचा भाव ५०.०० डॉलर आणि विकणाऱ्याचा ५०.०१ आहे. तीन एक्स्चेंजांवर प्रत्येकी दहा हजार शेअर ५०.०१ ला विकायला दिसतात. पेन्शन फंडाला तीस हजार हवेत. त्याची ऑर्डर सिकॉकसला पोचते, दहा हजार ५०.०१ ला मिळतात. ही खबर माहवाला आणि कार्टरेटला ऑर्डरच्या उरलेल्या तुकड्यांआधी पोचते. तिथले दहा-दहा हजार उठतात आणि ५०.०२ वर जाऊन बसतात. फंडाला वीस हजार शेअरमागे एकेक सेंट, म्हणजे दोनशे डॉलर जास्त पडले. एकूण खरेदी पंधरा लाख डॉलरची. दहा हजारांमागे साधारण सव्वा डॉलर.

याला चोरी म्हणायचं का? पुण्यात कुणाचा फ्लॅट विकायचा असतो तेव्हा तो तीन एजंटांकडे तीच जाहिरात देतो. पाहणाऱ्याला तीन फ्लॅट विकायला आहेत असं वाटतं, फ्लॅट मात्र एकच असतो. एका एजंटाकडे तो विकला गेला की मालक उरलेल्या दोघांना फोन करून जाहिरात काढायला लावतो. त्याला कुणी चोर म्हणणार नाही. न्यू जर्सीत तिन्ही जागी उभा दिसणारा विकणारा बऱ्याचदा एकच असतो आणि त्याच्याकडे खरे शेअर दहा हजारच असतात. ते गेले की तो बाकीचे भाव मागे घेतो. हा स्वतःचा बचाव झाला. पण दुसराही एक प्रकार आहे. ज्याने कधी भाव लावलाच नव्हता असा कुणीतरी पहिल्या जागचा सौदा पाहून कार्टरेटला धावतो, तिथे ५०.०१ ला उभ्या असलेल्या बेसावध विकणाऱ्याचे शेअर उचलतो आणि ५०.०२ ला फंडाच्या गळ्यात मारतो. त्याने बाजाराला काही दिलं नाही, फक्त मध्ये हात घातला. बाहेरून पाहणाऱ्या फंडाला दोन्ही वेळेला एकच चित्र दिसतं: शेअर गायब आणि भाव एक सेंट वर. या विषयावरचे अर्धे वाद एक बाजू पहिल्या प्रकाराबद्दल बोलत असते आणि दुसरी दुसऱ्याबद्दल, म्हणून होतात.

आणि बाईंसारख्या, शंभर शेअर घेणाऱ्या माणसाचं काय? अमेरिकेत त्याची ऑर्डर बहुतेक वेळा एक्स्चेंजपर्यंत जातच नाही. ब्रोकर ती सिटाडेल सिक्युरिटीज किंवा व्हर्टू यांसारख्या एखाद्या मोठ्या फर्मकडे पाठवतो. याच त्या वेगवान फर्म. त्या बाजारात चाललेल्या भावाला किंवा त्याहून जरासा चांगला भाव देऊन शेअर पुरवतात आणि वर ब्रोकरलाच ऑर्डर पाठवल्याबद्दल पैसे देतात. साधा माणूस ही त्यांची शिकार असेल तर त्याला चांगला भाव का द्यायचा? कारण शंभर शेअरच्या मागे चार लाखांची ऑर्डर दडलेली नसते. या माणसाशी सौदा केल्यावर पुढच्या क्षणी भाव अंगावर येण्याची भीती नाही. यंत्राला धोका मोठ्या, माहितगार खरेदीदाराचा. छोटा ग्राहक त्याला हवाहवासा असतो.

या सोयीतही कीड आहे, पण ती वेगळ्या जागी. ऑर्डरीचे पैसे ब्रोकरच्या खिशात जातात, तेव्हा ग्राहकाला मिळणारा भाव आणि ब्रोकरला मिळणारी रक्कम यांत ओढाताण होते. रॉबिनहूड या ब्रोकरने डिसेंबर २०२० मध्ये साडेसहा कोटी डॉलरचा दंड भरून प्रकरण मिटवलं. कमिशनचा निष्कर्ष असा होता की दलाली माफ केल्याने ग्राहकांचा झालेला फायदा धरूनही, वाईट भावांमुळे त्यांचं ३ कोटी ४१ लाख डॉलरचं नुकसान झालं. इथे वेगवान यंत्राने कुणाला गाठलं नव्हतं. ज्याच्यावर ग्राहकाने विश्वास टाकला त्या ब्रोकरने आपल्या हिताचा सौदा केला होता.

म्हणजे वेगाचा भुर्दंड मोठ्यांना बसतो. पण ते मोठे कोण? पेन्शन फंड, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या. त्यांच्यातले पैसे शिक्षकांचे, नर्सेसचे, कारखान्यातल्या कामगारांचे. साधा माणूस स्वतःच्या ऑर्डरीत सुटतो आणि आपल्या फंडातून पुन्हा सापडतो. म्हणून डार्क पूलची गोष्ट मला सर्वांत जास्त लागते.

डार्क पूल या नावामुळे काहीतरी बेकायदा डोळ्यांपुढे येतं. मूळ कल्पना मात्र अगदी सरळ आहे. एका फंडाला दहा लाख शेअर घ्यायचेत, दुसऱ्याला विकायचेत. दोघांनाही उघड बाजारात जायची भीती वाटते. तेव्हा एका बंद खोलीत दोघंही आपापली चिठ्ठी टाकतात. ती कुणाला दिसत नाही. दोन्ही जुळल्या तर उघड बाजारातल्या घेण्याच्या आणि विकण्याच्या भावाच्या बरोबर मध्यावर सौदा होतो आणि त्याची खबर सौदा झाल्यावर बाहेर येते. दोघांचीही अर्धी अर्धी फट वाचते. डीलिंग रूममध्ये बसून मी कितीदा मनात म्हटलंय, अशी खोली आपल्याकडे हवी होती.

अडचण अशी, की खोलीत आणखी कोण बसलंय हे आतल्याला दिसत नाही. ते सांगणार खोलीचा मालक. आणि गिऱ्हाइकं कमी असली की खोली ओस पडते, चिठ्ठ्या जुळत नाहीत, म्हणून मालकाला वेगवान फर्मना आत घेण्याचा मोह होतो. त्या आत आल्या की शंभर-शंभर शेअरच्या चिठ्ठ्या टाकून चाचपणी करू शकतात. सौदा झाला, पुन्हा झाला, पुन्हा झाला, म्हणजे आत कुणीतरी मोठा बसलाय. शिवाय खोलीतला मध्यभाव बाहेरच्या भावावरून काढतात. ती बाहेरची खबर खोलीत हजारभर मायक्रोसेकंद उशिरा पोचत असेल, तर बाहेर भाव हललेला ज्याला आधी कळला, तो आत शिळ्या भावाला सौदा करून जातो. ज्याच्यापासून लपायला फंड आत आला, तोच शेजारच्या खुर्चीवर.

बार्कलेज बँकेच्या 'एलएक्स' या डार्क पूलबाबत नेमका हाच प्रश्न न्यायालयात गेला. बँक फंडांना सांगत होती की, आमची निगराणी व्यवस्था आहे, ती आतल्या प्रत्येक खेळाडूचे सौदे पाहून त्याला आक्रमक किंवा सुरक्षित ठरवते आणि तुम्हाला हवं तर आक्रमकांना तुमच्यापासून दूर ठेवते. जून २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने दावा दाखल केला. त्यातला एक आरोप वाचून मी बराच वेळ पान उलटलं नाही. ग्राहकांना दाखवायच्या तक्त्यात पूलमधला प्रत्येक खेळाडू ठिपक्याने दाखवला होता, आणि त्यातून सर्वांत मोठ्या वेगवान फर्मचा ठिपका काढून टाकला होता. जानेवारी २०१६ मध्ये बँकेने कायदा मोडल्याची कबुली दिली आणि राज्य व कमिशन यांना मिळून सात कोटी डॉलर भरले. कमिशनला असंही आढळलं की ती निगराणी व्यवस्था काही खेळाडूंना ज्या खणात टाकायची, तिथून बँक त्यांना हाताने उचलून सौम्य खणात ठेवत होती. त्याच सुमारास क्रेडिट स्विसनेही आपल्या पूलबद्दलच्या आरोपांवर आठ कोटी डॉलरच्या वर रक्कम भरली.

या प्रकरणांत नुकसान अंधारामुळे झालं असं मला वाटत नाही. अंधार फंडाने मागून घेतला होता. अंधारात कोण आहे याबद्दल त्याला खोटं सांगितलं गेलं, आणि ते ताडून पाहण्याचं कोणतंही साधन त्याच्या हाती नव्हतं. फंडाचा डीलर एवढंच करू शकतो की, प्रत्येक पूलमध्ये सौदा झाल्यानंतरच्या पुढच्या सेकंदात उघड बाजारातला भाव कुठे गेला याची नोंद ठेवायची. एका विशिष्ट पूलमध्ये आपण घेतल्यावर भाव सतत आपल्या विरुद्ध पडत असेल, तर समोर बसलेल्याला काहीतरी आधी कळत होतं. चांगल्या डीलिंग रूममध्ये ही नोंदवही असते. मीही ठेवायचो, आमच्या साध्या, उघड बाजाराची.

आता "किती"कडे येऊ. वेगाच्या शर्यतीची किंमत मोजणं फार वर्षं अवघड होतं. बाजाराच्या नेहमीच्या आकड्यांत फक्त झालेला सौदा दिसतो. शर्यतीत कोण कोण धावलं आणि हरलं, हे दिसत नाही. मातेओ अकिलिना, एरिक बुडिश आणि पीटर ओनील या संशोधकांना लंडन स्टॉक एक्स्चेंजचे सगळे संदेश मिळाले, हरलेल्यांचे फसलेले संदेशही. २०१५ मधल्या सुमारे नऊ आठवड्यांचे. त्यांचा लेख २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या शेअरमध्ये साधारण दर मिनिटाला एक शर्यत व्हायची. बहुतेकदा पहिल्या आणि दुसऱ्यात पाच ते दहा मायक्रोसेकंदांचं अंतर. एका शर्यतीचं बक्षीस सरासरी दोन पौंडांच्या आसपास, आणि बाजारातल्या एकूण उलाढालीपैकी पाचवा हिस्सा अशा शर्यतींत. धावणाऱ्यांत मूठभर फर्म पुन्हा पुन्हा त्याच.

या सगळ्याचा भार उलाढालीवर पसरला तर तो दहा हजारांमागे सुमारे ०.४२ येतो. रुपयांत बोलायचं तर दहा हजार रुपयांच्या खरेदीमागे बेचाळीस पैसे. जुन्या हिशेबात आठ आण्यांहून जरा कमी.

आकडा छोटा आहे, आणि तो छोटा आहे हे स्पष्ट म्हणायला हवं. त्याच लेखकांच्या अंदाजानुसार जगभराच्या शेअरबाजारांत तो वर्षाला पाच अब्ज डॉलरच्या घरात जातो, हेही तितकंच खरं. त्या पैशांतून बाजाराला काही मिळालं नाही. तो पैसा तारा, मनोरे आणि हुशार अभियंत्यांच्या आयुष्यात जिरला. कात्सुयामाने काढलेल्या आयईएक्स या एक्स्चेंजने यावर एक उतारा करून दाखवला. येणारी प्रत्येक ऑर्डर एका पेटीत गुंडाळून ठेवलेल्या ३८ मैल तारेतून फिरवायची, म्हणजे ३५० मायक्रोसेकंदांचा उशीर सगळ्यांना सारखा लागतो आणि तेवढ्यात एक्स्चेंज स्वतःचा भाव ताजा करून घेतं. २०१६ मध्ये त्याला पूर्ण एक्स्चेंज म्हणून मान्यता मिळाली. तरी अमेरिकी उलाढालीतला त्याचा वाटा लहानच राहिला.

दुसरी बाजूही इथे नोंदवतो. कॅनडात २०१२ मध्ये नियामकाने संदेशांवर शुल्क लावलं आणि यंत्रांनी आपले संदेश कमी केले. त्यानंतर घेण्या-विकण्यातली फट वाढली आणि छोट्या ग्राहकांना सौदा महाग पडू लागला, असं तिथल्या अभ्यासकांना दिसलं. भाव लावून उभं राहणारी यंत्रं आणि मध्ये हात घालणारी यंत्रं बऱ्याचदा त्याच फर्मची असतात. एकाला हाकलताना दुसरं निघून जातं.

मुंबईत हीच गोष्ट वेगळ्या वळणाने घडली. आपल्याकडे अमेरिकेसारखे डार्क पूल नाहीत. मोठ्या सौद्यांसाठी एक्स्चेंजचीच ब्लॉक डीलची वेगळी खिडकी असते आणि तिथले सौदे जाहीर होतात. पण वेगाची शर्यत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. एनएसईने आपल्या यंत्रांशेजारी ब्रोकरांना यंत्रं ठेवायला भाड्याने जागा दिली, तिला कोलोकेशन म्हणतात. जागा सगळ्यांना खुली होती. गडबड भाव वाटण्याच्या पद्धतीत होती. तेव्हाची व्यवस्था प्रत्येक ब्रोकरच्या जोडणीला एकेक करून भाव पाठवायची, ज्या क्रमाने त्यांनी सकाळी लॉगिन केलं त्या क्रमाने. पहिला आलेला दिवसभर पहिला. दुधाच्या केंद्रावर पहाटे पिशवी ठेवून पहिला नंबर लावावा, तसं. शिवाय बिघाडाच्या वेळेसाठी राखलेल्या सर्व्हरवर गर्दी कमी, म्हणून तिथे जाऊन बसणाऱ्यालाही भाव लवकर मिळायचे.

जानेवारी २०१५ मध्ये एका अनामिक जाणकाराने हे सेबीला पत्र लिहून कळवलं. मुंबईच्या 'मनीलाइफ'ने, म्हणजे सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांनी, ते छापलं. एनएसईने शंभर कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या वर्षी सप्टेंबरात एनएसईची मागणी फेटाळली आणि उलट तिलाच पन्नास लाख रुपये भरायला लावले. २०१९ मध्ये सेबीने एनएसईला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह परत करायला सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ते रद्द केलं, पण एक्स्चेंजने पुरेशी काळजी घेतली नाही असं म्हणून शंभर कोटी भरायला सांगितलं. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने संगनमताचे आरोप पुराव्याअभावी सोडून दिले. हा सगळा क्रम मी मुद्दाम दिला, कारण पहिला आदेश लोकांच्या लक्षात राहतो आणि शेवटचा राहत नाही.

त्यात बाईंचं किती गेलं? लॉगिनच्या रांगेत मागे पडले ते दुसरे वेगवान ब्रोकर. फोनवरून दहा शेअर घेणारा त्या शर्यतीत नव्हताच. तरीही हे प्रकरण मला बेचाळीस पैशांहून मोठं वाटतं. एक्स्चेंज ही सगळ्यांची तागडी आहे, आणि तागडी नीट आहे का हे पाहायला एका अनामिक पत्राची वाट बघावी लागली.

आपल्याकडच्या छोट्या माणसाचे खरे पैसे फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये जातात. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शंभरांतल्या ९३ जणांनी तोटा केला, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. समोरच्या बाजूला जे कमावत होते त्यांचा बहुतेक नफा अल्गोरिदमच्या सौद्यांतून आला. अल्गोरिदम आणि मायक्रोसेकंदांची शर्यत या एकच गोष्टी नाहीत. आठवड्याच्या आत मरणारं ऑप्शन पुन्हा पुन्हा विकत घेणारा माणूस संथ यंत्रासमोरही हरला असता. त्यावर पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे.

बाईंना मी त्या संध्याकाळी त्यांची काँट्रॅक्ट नोट उघडायला सांगितली. एका छोट्या कंपनीचे शंभर शेअर त्यांनी ९७.६० ला घेतले होते, एकूण ९,७६० रुपयांचे. त्यावर एसटीटी सुमारे दहा रुपये, स्टॅम्प ड्युटी दीड रुपया. लंडनचा दर लावला तर यंत्रांचा वाटा एकेचाळीस पैसे. "मग मी निष्कारण घाबरत होते," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "बाई, ऑर्डर कशी टाकलीत? मार्केट की लिमिट?" मार्केट. त्या दिवशीची स्क्रीन त्यांनी फोटो काढून ठेवली होती, गणिताच्या शिक्षिकेची सवय. घेणाऱ्याचा भाव ९६.४०, विकणाऱ्याचा ९७.६०. मध्ये एक रुपया वीस पैशांची फट. मध्यावरून मोजलं तर शेअरमागे साठ पैसे, शंभर शेअरला साठ रुपये. यंत्रांच्या वाट्याच्या जवळजवळ दीडशे पट. आणि त्या शेअरमध्ये वेगवान यंत्रं नव्हतीच. असती तर ती फट इतकी रुंद राहिली नसती.

त्या काही वेळ फोटोकडे पाहत राहिल्या. मग चष्मा पुसला आणि वहीत तो हिशेब स्वतः पुन्हा मांडला. दिवाळीची सुट्टी संपून बाजार उघडला त्या दिवशी त्यांनी त्याच शेअरसाठी ९६.८० ची लिमिट ऑर्डर टाकली. दुपारी अडीचला त्यांचा फोन आला, "भरली. पण वीस शेअर मिळाले नाहीत. ते आता कुठे आहेत, हे कसं पाहायचं?"